रात्रीची गोळी आणि जिभेखालची गोळी

मेडिकलच्या काउंटरवर काही गोष्टी नेहमी हळू आवाजात मागितल्या जातात. आधी बाजूला उभ्या असलेल्या काकू निघून जाण्याची वाट बघायची, मग उगाच एक खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी मागायची आणि सगळ्यात शेवटी, मोबाइलकडे बघत, ‘ती’ गोळी. समोरचा माणूसही मान वर करत नाही. खाकी पाकिटात पट्टी, पैसे ऑनलाइन, विषय संपला. जेमतेम पाऊण मिनिटाचा व्यवहार. दोघांनाही अवघडल्यासारखं होऊ नये, याची दोघांनीही घेतलेली काळजी.

या पाऊण मिनिटात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ‘छातीत दुखण्यासाठी काही औषध घेता का?’ एवढाच. आता वीस वर्षांच्या पोराला हा प्रश्न कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण ही गोळी घेणारे सगळे वीस वर्षांचे नसतात. काहींच्या पाकिटात दुसरी एक गोळी कायम असते, जिभेखाली ठेवायची. या दोन गोळ्या एकाच शरीरात एकाच वेळी भेटल्या, तर काय होतं? आणि ते होताना शेजारी नेमके आपण उभे असलो, तर?

हार्टसाठी बनलेली, भलत्याच कामाला लागलेली

आपण ज्या गोळीबद्दल बोलतोय तिचं खरं नाव सिल्डेनाफिल. पट्टीवर ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत हे. तिची गोष्ट इंग्लंडमधल्या सँडविच नावाच्या गावात सुरू होते (हो, खरंच असं गाव आहे). तिथल्या फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हे औषध शोधलं जात होतं ते अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत येणाऱ्या दुखण्यासाठी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर चाचण्या झाल्या. छातीच्या दुखण्यावर औषधाने फार काही दिवे लावले नाहीत. पण चाचणीतले पुरुष एक वेगळाच ‘साइड इफेक्ट’ सांगायला लागले. कंपनीने गाडी तिकडे वळवली आणि मार्च 1998मध्ये अमेरिकेत ‘व्हायग्रा’ला मान्यता मिळाली.

ही गोष्ट मजा म्हणून सगळीकडे सांगितली जाते. पण तिच्यातली कामाची गोष्ट बहुतेक वेळा निसटते. हे औषध मुळात रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी बनवलं होतं आणि आजही ते तेच करतं. फरक इतकाच, की ज्या भागात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो, तो भाग छातीत नाही.

नळ आणि मोरी

इरेक्शन म्हणजे शेवटी रक्ताचा हिशेब आहे. मनात लैंगिक उत्तेजना निर्माण झाली, की लिंगातल्या नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी किंचित प्रमाणात सुटतो. त्यामुळे तिथल्या पेशींमध्ये ‘सीजीएमपी’ नावाचं रसायन तयार होतं. हे रसायन रक्तवाहिन्यांभोवतीच्या स्नायूंना सांगतं, ‘सैल व्हा.’ स्नायू सैल झाले, वाहिन्या रुंदावल्या, रक्त भरलं, ताठरता आली. काम झाल्यावर हे सीजीएमपी मोडून टाकायला एक एन्झाइम हजर असतं, त्याचं नाव पीडीई-5.

नावं विसरलात तरी चालेल, बाथरूम डोळ्यांसमोर आणा. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नळ. सीजीएमपी म्हणजे पाणी. पीडीई-5 म्हणजे मोरी. नळातून पाणी येतं, मोरीतून जातं, फरशीवर जेवढ्यास तेवढं राहतं. सिल्डेनाफिलची गोळी काय करते? मोरीत बोळा कोंबते. नळ सोडत नाही, फक्त आलेलं पाणी जाऊ देत नाही. म्हणूनच ही गोळी घेऊन कुणी नुसताच अभ्यास करत बसला, तर विशेष काही होत नाही. नळच बंद असेल, तर मोरी बंद करून काय होणार? इच्छा वाढवणं, स्टॅमिना वाढवणं, वेळ वाढवणं ही तिची कामं नाहीत. मित्रांच्या गप्पांमध्ये ती कामं तिच्या नावावर कुणी लावली, देव जाणे.

आता दुसरी गोळी. अंजायनाच्या पेशंटला जिभेखाली ठेवायला दिली जाते ती आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. आपल्याकडे घराघरांत तिला ‘सॉर्बिट्रेट’ याच ब्रँडनेमने ओळखतात. हे नायट्रेट गटातलं औषध. या गटातलं सगळ्यात जुनं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरिन, डायनामाइटमध्ये असतं तेच. डायनामाइटच्या शोधामुळे श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेलला उतारवयात हृदयाच्या त्रासावर डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं होतं. ते शरीरात नेमकं काय करतं, हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर मिळायला जवळपास शंभर वर्षं गेली. नायट्रेट शरीरात गेलं, की त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना निरोप देणारा रेणू आहे, या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना 1998चं नोबेल मिळालं. म्हणजे व्हायग्रा बाजारात आली त्याच वर्षी!

थोडक्यात, सॉर्बिट्रेट म्हणजे नळ पूर्ण सोडणं. आणि तोही एका बाथरूममधला नाही, अख्ख्या बिल्डिंगमधला, कारण नायट्रेट रक्तातून सगळीकडे जातं. मोऱ्या उघड्या असतील, तर तेवढं पाणी निघून जातं. पेशंटला थोडं डोकं दुखतं, किंचित चक्कर येते, पण छातीतली कळ कमी होते. मोऱ्यांमध्ये आधीच बोळे कोंबलेले असतील, तर मात्र सगळे मजले भरतात. अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो.

एकट्या सिल्डेनाफिलने निरोगी माणसाचा वरचा बीपी साधारण आठ-दहा अंकांनी उतरतो. बहुतेकांना ते जाणवतही नाही. नायट्रेटबरोबर मात्र इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

शनिवार, रात्री दहा

एक उदाहरण घेऊन बघू. माणूस काल्पनिक आहे, घडणाऱ्या गोष्टी तशा नाहीत.

एक काका आहेत, वय 54. तीन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झालीय, एक स्टेंट आहे. रोजच्या गोळ्या नियमित: रक्त पातळ राहण्याची, कोलेस्टेरॉलची, बीपीची. डॉक्टरांनी ‘छातीत दुखलं तरच’ म्हणून सॉर्बिट्रेटच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्यात. त्या पाकिटात असतात. वर्षभरात त्यांची एकदाही गरज पडलेली नाही, त्यामुळे काकांच्या हिशेबात ते ‘नायट्रेट घेणारे पेशंट’ नाहीतच. ऑपरेशननंतर ताठरतेचा त्रास सुरू झाला, पण हे डॉक्टरांना सांगायला जीभ रेटली नाही. एका मित्राने गोळीचं नाव सांगितलं. मेडिकलमध्ये 25, 50 आणि 100 अशा तीन ताकदी मिळतात, हे कळल्यावर काकांनी सरळ 100 घेतली. घ्यायची तर स्ट्राँग घ्यावी, हा आपला राष्ट्रीय बाणा. (डॉक्टर साधारणपणे 50पासून सुरुवात करतात. पासष्टीपुढच्यांना किंवा लिव्हर-किडनी कमजोर असलेल्यांना 25पासून.)

दहा वाजता गोळी घेतली. रात्री मटणाचं जेवण झालेलं, त्यामुळे औषध रक्तात उतरायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला. साडेअकराच्या सुमारास, श्रम झाल्यावर, छातीत जडपणा. काकांनी शहाण्यासारखं केलं, उठून बसले. मग तीन वर्षांपूर्वी शिकवलेलं दुसरं शहाणपणही केलं: पाकिटातली गोळी जिभेखाली ठेवली.

दोन-तीन मिनिटांत दरदरून घाम. चेहरा राखेसारखा. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून मुलगा धावत आला. एसवायचा विद्यार्थी, म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी. त्याने काय बघितलं? बाबा घामाघूम, छातीवर हात. वॉट्सॲपवर फिरणारा ‘हार्ट ॲटॅकमध्ये जीव वाचवणारी गोळी’ हा मेसेज त्याने शंभर वेळा वाचलेला. त्याने पाकिटातून दुसरी गोळी काढली आणि बाबांच्या जिभेखाली सरकवली.

इथे जे होतं ते नीट समजून घ्या, कारण ते उलटं वाटतं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोचवणाऱ्या ज्या धमन्या असतात, त्या काकांच्या आधीच अरुंद आहेत. अरुंद नळीतून रक्त पुढे जायचं तर मागून दाब लागतो. बीपी कोसळला, की तो दाबच जातो. म्हणजे हृदयाला मिळणारं रक्त आणखी कमी होतं आणि छातीतलं दुखणं वाढतं. दुखणं वाढलं म्हणून घरचे पुन्हा सॉर्बिट्रेट देतात. त्याने बीपी आणखी पडतो, दुखणं आणखी वाढतं. प्रत्येक जण मदतच करत असतो आणि प्रत्येक मदतीने पेशंट एक पायरी खाली जातो. यातून बेशुद्धी येऊ शकते, खराखुरा हार्ट ॲटॅक येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर विचारतात, ‘आज दुसरं काही औषध घेतलं का?’ मुलगा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याला माहीतच नाही. आई गप्प. काका बोलण्याच्या अवस्थेत असले, तरी मुलासमोर बोलणार नाहीत.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात घातक गोष्ट गोळी नाही, ते ‘नाही’ आहे. कारण या दोन औषधांच्या भांडणावर उतारा म्हणून देता येईल असं एकही औषध नाही. पण डॉक्टरांना कळलं असेल, तर ते नायट्रेट टाळतात, सलाइनने बीपी सावरतात आणि हार्ट ॲटॅकचे बाकीचे उपचार करतात. त्या उपचारांशी या गोळीचं असं वैर नाही. कळलं नसेल, तर छातीत दुखणाऱ्या पेशंटला तेही कदाचित नायट्रेटच देतील.

तर अशा वेळी काय करायचं? घरातल्या कुणाच्याही छातीत दुखायला लागलं आणि सॉर्बिट्रेटची गोळी हातात आली, तर ती देण्याआधी एक प्रश्न विचारायचा, शक्यतो बाकीच्यांना खोलीबाहेर पाठवून: ‘गेल्या दोन दिवसांत ताकदीची, सेक्सची कुठली गोळी घेतली आहे का? मी कुणाला सांगणार नाही, पण ही देऊ की नको ते ठरवायचंय.’ उत्तर ‘हो’ असेल, किंवा मान नुसती खाली गेली, तरी सॉर्बिट्रेट बाजूला ठेवा आणि 108ला फोन करा. चक्कर येत असेल, तर पेशंटला आडवं करून पाय उशांवर उंच ठेवा, चालवत जिन्यावरून नेऊ नका. डॉक्टर आले, की त्यांना बाजूला घेऊन गोळीचं नाव, ताकद आणि घेतल्याची वेळ सांगा. रिकामी पट्टी सापडली तर तीच हातात द्या.

‘कालची गोळी आज कशी नडेल?’

नडते. सिल्डेनाफिल रक्तात दर चार तासांनी साधारण निम्मं होतं. रात्री दहाची गोळी दोन वाजता निम्मी, सकाळी सहाला पाव, दहाला एक-अष्टमांश. नायट्रेट द्यायचं तर मध्ये किमान 24 तास जावे लागतात, असा डॉक्टरांचा नियम आहे.

पण या गटातली दुसरी लोकप्रिय गोळी आहे टाडालाफिल. तिला निम्मं व्हायला साधारण साडेसतरा तास लागतात. शनिवारी रात्री घेतलेली टाडालाफिल रविवारी रात्री अजून चाळीस टक्क्यांच्या आसपास अंगात असते. म्हणून तिच्यासाठी अंतर 48 तासांचं. ‘वीकेंडभर चालते’ म्हणून जी गोळी विकली जाते, तिचा धोकाही वीकेंडभर आणि वर सोमवारपर्यंत चालतो. कुठली गोळी घेतली होती हे डॉक्टरांना सांगायचं ते यासाठी.

आणि हे अंतर आहे अडीअडचणीला नायट्रेट लागणाऱ्यांसाठी. जे रोज नायट्रेट घेतात, त्यांच्यासाठी सुरक्षित अंतर नावाची गोष्टच नाही. ‘आजच्या दिवस हार्टची गोळी चुकवतो’ हा जुगाड तर दोन्हीकडून मारतो.

घरातल्या औषधाच्या डब्यात नायट्रेट आहे का, हे ओळखणं सोपं आहे. ब्रँडचं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरिन (गोळी, स्प्रे किंवा छातीवर लावायचा पॅच). नावात ‘नायट्र’ दिसलं की समजा. एक मात्र नाव बदलून बसलंय: निकोरँडिल. नावात नायट्रेट नाही, पण रेणूत आहे. अंजायनाच्या पेशंटना ते आपल्याकडे बऱ्यापैकी दिलं जातं आणि त्याच्याबरोबरही या गोळ्या बंद म्हणजे बंद. पार्ट्यांमध्ये हुंगायला मिळणारे ‘पॉपर्स’ही याच घराण्यातले. अमिल नायट्राइट हे एकेकाळी अंजायनाचंच औषध होतं. इथे मात्र पंचविशीतल्या धडधाकट मुलाचाही बीपी कोसळू शकतो.

याचा अर्थ हार्टच्या प्रत्येक पेशंटला ही गोळी वर्ज्य आहे, असा नाही. तब्येत स्थिर असेल, नायट्रेट चालू नसेल, तर डॉक्टर स्वतः लिहून देतात. ज्यांना नुकताच हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय, ज्यांची छाती बसल्या जागी दुखते, ज्यांचा बीपी मुळातच 90/50च्या खाली असतो, त्यांना मात्र नाही. प्रोस्टेटसाठी किंवा बीपीसाठी टॅमसुलोसिन, प्राझोसिन यांसारखी औषधं घेणाऱ्यांना डोस सांभाळून द्यावा लागतो, नाहीतर उभं राहिल्यावर गरगरतं.

‘पण मला कुठे हार्टचा त्रास आहे?’

बरोबर. विशीतल्या मुलाच्या पाकिटात सॉर्बिट्रेट नसते. पण त्याच्या कपाटात कदाचित इट्राकोनाझोल असते. दमट हवा, जिम, न वाळलेले कपडे. जांघेतल्या गजकर्णाने हॉस्टेलची हॉस्टेलं हैराण आहेत आणि त्यावर ही कॅप्सूल कित्येक आठवडे चालते. सिल्डेनाफिल मोडून टाकण्याचं काम लिव्हरमधलं जे एन्झाइम करतं, त्यालाच इट्राकोनाझोल दाबून टाकतं. मग घेतलेली 50ची गोळी अंगात 50सारखी वागत नाही, रक्तातलं प्रमाण कितीतरी वर जातं आणि जास्त वेळ टिकतं. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही असंच वागतं. काउंटरवर हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी ‘खाज’ आणि ‘ते’ यांचा संबंध आपल्या डोक्यात कसा येणार?

दुसरी गोष्ट चार तासांची. गोळी घेतल्यावर ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर तो मित्रांमध्ये सांगायचा पराक्रम नाही. आत अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि आतला स्नायू मरायला लागतो. नंतर कायमची नपुंसकता येऊ शकते. फार क्वचित होतं, पण झालं तर थेट इमर्जन्सी वॉर्ड गाठायचा. लाजत सकाळपर्यंत थांबायचं नाही. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा एका कानाने ऐकू येईनासं झालं, तरी तसंच.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. विशीत ‘ऐनवेळी झालं नाही’ याचं कारण बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांत नसतं. घाबरल्यावर शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं आणि ॲड्रिनॅलिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे नळच बंद करतं. पहिली वेळ, कुणी येईल ही भीती, पॉर्न बघून मनात बसलेली भलतीच परीक्षा, वर दोन बीअर. पाइपलाइन ठीक आहे की नाही याचा एक घरगुती पुरावा रोज सकाळी मिळतो. झोपेतून उठताना ताठरता असते का? असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत, अडचण डोक्यात आहे. अशा मुलाने गोळी घेतली, की त्या दिवशी काम होतं आणि त्याची खात्री पटते की गोळीमुळेच झालं. पुढच्या वेळी गोळीशिवाय जायची भीती दुप्पट. शरीराला या गोळीचं व्यसन लागत नाही. आत्मविश्वासाला लागतं.

सकाळीही काही नसेल आणि हे काही आठवडे चालू असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा. शुगर, नैराश्यावरच्या काही गोळ्या, टेस्टोस्टेरॉनची कमतरता. जिममध्ये कुणी ‘सायकल’ म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील, तर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. त्यावर सिल्डेनाफिल हा इलाजच नाही.

शंभर टक्के हर्बल?

लोकल ट्रेनच्या डब्यात, लॉजच्या भिंतीवर आणि आता रील्सच्या मध्ये एक जाहिरात कायम असते. घोडा, सिंह किंवा उगवता सूर्य. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही, डॉक्टरची गरज नाही.’ मेडिकलमध्ये जायची लाज वाटणारे इकडे वळतात आणि इथे धोका आणखी वाढतो. पट्टीवर निदान औषधाचं नाव तरी असतं. अशा कॅप्सूलमध्ये चोरून सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घातलेलं सापडणं, ही जगभरच्या औषध नियंत्रकांची जुनी डोकेदुखी आहे. अमेरिकेचं एफडीए अशा भेसळीच्या उत्पादनांची यादीच ठेवतं.

घरबसल्या संशय घ्यायचा एक मार्ग आहे. जडीबुटी तासाभरात काम करत नाही. एखादी ‘हर्बल’ कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात परिणाम दिसला, सोबत चेहरा तापला, नाक चोंदलं, डोकं ठणकलं आणि नजरेला निळसर झाक आली, तर ती सिल्डेनाफिलची सही आहे. नाक चोंदतं कारण नाकातल्याही रक्तवाहिन्या सुजतात. निळसर दिसतं कारण डोळ्याच्या पडद्यावर पीडीई-5चं एक चुलत भावंड असतं, ते थोडं दाबलं जातं. आता विचार करा, आपले अंजायनावाले काका हीच कॅप्सूल ‘आयुर्वेदिक आहे, हार्टला चालते’ म्हणून घेतात. डॉक्टरांनी विचारलं, तरी ते खरेपणाने सांगतील, ‘व्हायग्रा? छे, कधीच नाही.’

2008मध्ये सिंगापूरमध्ये तर याहून विचित्र घडलं. जानेवारी ते मे या काळात डायबेटिस नसलेले सुमारे दीडशे पेशंट रक्तातली साखर कमालीची घसरलेल्या अवस्थेत हॉस्पिटलांत आले, बहुतेक सगळे पुरुष. शोध घेतल्यावर धागा सापडला तो लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांपर्यंत. काही ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या, काही टाडालाफिलच्या नकली. त्यांत डायबेटिसचं ग्लायबेन्क्लामाइड हे औषध मिसळलेलं होतं, तेही भरपूर. चौघांचा जीव गेला. बिनपावतीच्या पाकिटात नेमकं काय निघेल, याला काही धरबंध नसतो.

चिठ्ठी म्हणजे काय?

आपल्याकडे सिल्डेनाफिल ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतं, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही. पट्टीवर तसं छापलेलं असतं, लाल रेघही असते. आता कुणी म्हणेल, इंग्लंडमध्ये तर ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. खरं आहे. 2018पासून तिथे सिल्डेनाफिल 50चा एक प्रकार डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळतो. पण तो देण्याआधी फार्मासिस्टला ग्राहकाशी बोलावं लागतं: हृदयाचा आजार आहे का, नायट्रेट घेता का, पॉपर्स वापरता का, हलक्या श्रमाने दम लागतो का, बाकी कुठली औषधं चालू आहेत. उत्तरं पटली नाहीत तर गोळी नाही, डॉक्टरकडे जा. म्हणजे तिथे कागद गेला, प्रश्न राहिले. आपल्या काउंटरवर पाऊण मिनिटात दोन्ही जातात.

डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं, याची उगाच भीती असते. जनरल फिजिशियन किंवा युरोलॉजिस्ट चालतो, कॉलेजला मेडिकल ऑफिसर असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करता येते. ‘डॉक्टर, इरेक्शनचा प्रॉब्लेम आहे’ एवढं एक वाक्य पाठ करून जा. पुढचं ते विचारतात. केव्हापासून, सकाळी होतं का, कुठली औषधं, दारू-सिगारेट, झोप. बीपी बघतात, शुगर आणि कोलेस्टेरॉल, गरज वाटल्यास सकाळी टेस्टोस्टेरॉन. आणि मोठ्या वयाच्या पेशंटला हमखास विचारतात, ‘दोन जिने न थांबता चढता का?’ कारण सेक्सचे श्रम साधारण तेवढेच असतात. दोन जिन्यांत छाती भरून येत असेल, तर गोळीआधी हृदयाची तपासणी.

वडिलांच्या, काकांच्या वयाच्या माणसांसाठी तर ही भेट टाळण्यासारखी नसतेच. लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन-चार. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेची तक्रार बऱ्याचदा छातीच्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होते. चाळिशी-पन्नाशीतला जो माणूस खाकी पाकीट घेऊन मेडिकलमधून निघून जातो, त्याच्याकडे अजून सॉर्बिट्रेट नसेलही. ती लागायची वेळ येऊ नये म्हणून जी तपासणी व्हायला हवी होती, ती त्या पाऊण मिनिटात पुढे ढकलली जाते.